आजोबांबरोबर म्हणताना अडखळत नाही, एरवी अडखळतो: असं का होतं?

प्रश्न: माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, तिसरीत. साडेतीन वर्षांचा असल्यापासून बोलताना अडखळतो. पण रोज संध्याकाळी माझ्या सासऱ्यांशेजारी बसून रामरक्षा म्हणतो तेव्हा एकदाही अडखळत नाही. घरातले म्हणतात, म्हणजे त्याला येतं, तोच लक्ष देत नाही. खरं काय? आणि या पठणाचा उपयोग करून त्याचं अडखळणं घालवता येईल का?

उत्तर:

तो लक्ष देत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. बोलताना तो नको तितकं लक्ष देत असतो. पुढचा कुठला शब्द अडणार, समोरचा हसेल का, हे सगळं त्याच्या मनात वाक्य सुरू व्हायच्या आधीच चालू झालेलं असतं.

आणि पठणात न अडखळणं हा काही त्याच्या एकट्याचा चमत्कार नाही. अडखळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाला दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून बोलायला लावलं, की अडखळणं तिथल्या तिथे थांबतं किंवा अगदी नावापुरतं उरतं. गाताना तेच, टाळाच्या ठेक्यावर बोलताना तेच. मांजराशी किंवा पाळण्यातल्या बाळाशी बोलतानाही बऱ्याच जणांचं तसंच होतं. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट फार जुनी माहितीची आहे. त्यामुळे 'येतं पण करत नाही' हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्यातून एवढंच कळतं, की त्याची जीभ, ओठ, घसा, श्वास सगळं धड आहे. अडचण आहे ती बोलण्याची वेळ साधण्यात, म्हणजे कुठला आवाज नेमका कधी सुरू करायचा त्यात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नाही. मी बावीस वर्षं वाचा-उपचार करतेय, आणि या प्रश्नावर मला नेहमी एकच मुलगा आठवतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याची हकीकत सांगते.

कृष्णाकाठच्या एका गावातला, नऊ वर्षांचा, चौथीत. आजोबा निवृत्त तलाठी. दिवेलागणीला आजोबा देवघरापुढे पाटावर बसायचे, हा शेजारी मांडी घालून. आधी परवचा, मग रामरक्षा. कुठे खंड नाही, कुठे गुंतणं नाही. त्या वर्षी गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आरतीनंतर दोघांनी मिळून स्तोत्र म्हटलं आणि सगळ्यांनी वाहवा केली. एका पाहुण्यांनी पोराला जवळ ओढून विचारलं, "नाव काय रे बाळा तुझं?" त्याच्या नावाचं पहिलं अक्षर 'प'. ओठ मिटले ते मिटलेच. आवाज नाही, मान एका बाजूला खेचली गेली, डोळे घट्ट बंद. पाहुणे हसून म्हणाले, "अरे, आत्ता तर एवढं खणखणीत म्हणत होतास!"

आई मला सांगत होती, की त्यानंतर तो पंधरा दिवस देवघरात बसलाच नाही.

माझ्याकडे येईपर्यंत घरगुती उपाय सगळे झाले होते. वेखंड उगाळून चाटवलं होतं, तोंडात खडे ठेवून वाचायला लावलं होतं, एका ठिकाणी जिभेखालचा पडदासुद्धा कापून आणला होता. यांतल्या कशाचाही अडखळण्याशी संबंध नाही. आपल्याकडे 'तोतरा' आणि 'बोबडा' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आणि घोटाळा तिथेच होतो. बोबडा मुलगा 'र'चा 'ल' करतो, म्हणजे त्याचा उच्चार चुकतो. अडखळणाऱ्या मुलाचा उच्चार निघाला की बरोबरच निघतो. प्रश्न तो निघण्याचा असतो. म्हणूनच 'संस्कृत म्हटल्यानं जीभ वळते आणि तोतरेपणा जातो' हे ऐकायला पटतं, पण लागू पडत नाही. त्याची जीभ आधीच वळत होती.

पहिल्या दिवशी मी मोजणी केली. आम्ही बोलण्यातले उच्चारलेले ठोके मोजतो. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, पण बोलताना एकच ठोका, 'घरात' म्हणजे दोन. अशा शंभर ठोक्यांत तो किती ठिकाणी अडला ते पाहायचं. क्रिकेटबद्दल बोलताना शंभरात तेरा. त्यातलं सगळ्यात लांब अडकणं जवळपास पाच सेकंदांचं. पुस्तकातला धडा एकट्याने वाचताना नऊ. मग आजोबांना शेजारी बसवून स्तोत्र म्हणायला सांगितलं: शून्य.

इथपर्यंत नवल काही नव्हतं. मला हवं होतं ते पुढचं. पठणात चार-पाच गोष्टी एकदम घडतात. शेजारी दुसरा आवाज असतो, ठेका असतो, शब्द तोंडपाठ असतात, कुणाला काही सांगायचं नसतं, आणि समोर उत्तराची वाट बघत कुणी बसलेलं नसतं. यांतलं नक्की काय या मुलाला हात देतंय हे कळल्याशिवाय पुढची दिशा ठरत नाही. म्हणून आजोबांकडून तिथेच एक-एक गोष्ट काढून पाहिली.

आजोबा गप्प बसले आणि त्याने एकट्याने स्तोत्र म्हटलं, तर तो दोनदा किंचित अडला, दोन्ही वेळा चरणाच्या सुरुवातीला. मग मी दोघांपुढे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली, त्याने कधी न पाहिलेली बातमी ठेवली आणि एकदम वाचायला सांगितली. पहिल्या ओळीत एकदा अडला, नंतर अख्ख्या बातमीत एकदाही नाही. आई बघतच राहिली. पाठांतर नव्हतं, देवाचं नाव नव्हतं, ठेकाही नव्हता, होता फक्त शेजारचा आवाज. मग आजोबांना नुसते ओठ हलवायला सांगितलं, आवाज न काढता. तरी बरंच चाललं, आधीइतकं नाही. शेवटी धड्यातला एकच परिच्छेद त्याने एकट्याने लागोपाठ पाच वेळा वाचला. अडखळणं नवावरून चारावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच परिच्छेद वाचायला दिला, पुन्हा नऊ. पाठांतराचा फायदा असा असतो: येतो आणि रात्रीतून विरतो.

कारण थोडक्यात सांगते. बोलताना मेंदूला पुढच्या आवाजाची वेळ स्वतःच्या आतून ठरवावी लागते. अडखळणाऱ्यांमध्ये ही आतली ताल देणारी यंत्रणा थोडी डळमळीत असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. शेजारी कुणी तेच बोलत असेल, तर वेळ बाहेरून मिळते. अंधारात कुणी पुढे कंदील धरून चालावं तसं. कंदील उचलला की पुन्हा अंधार. परदेशात कानात घालायची छोटी यंत्रं मिळतात, ती स्वतःचाच आवाज किंचित उशिरा किंवा वेगळ्या पट्टीत ऐकवतात. ती या शेजारच्या आवाजाचीच नक्कल करतात. काहींना उपयोग होतो, बऱ्याच जणांचा फायदा काही दिवसांनी ओसरतो. आमच्या मुलाचे आजोबा त्या यंत्रापेक्षा बरे होते, आणि फुकट.

मराठी मुलांबाबत मला जाणवलेली एक गोष्टही सांगते. तुमच्या मुलाचं ऐकताना तीही कान देऊन पाहा. आपल्या रोजच्या बोलण्यात शब्दातला 'अ' ठिकठिकाणी गळतो. 'सरकला' बोलताना 'सरक्ला' होतो आणि व्यंजनं एकमेकांवर आदळतात. संस्कृत पठणात तसं होत नाही. रामरक्षा बहुतेक अनुष्टुभात आहे, एका चरणात आठ अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराला त्याचा स्वर पुरेपूर मिळतो. आवाज चरणाच्या शेवटापर्यंत सलग वाहतो, श्वास ठरल्या जागी मिळतो. म्हणजे सलग आवाज आणि हलकी सुरुवात, हे जे आम्ही उपचारात शिकवतो, ते मूल तिथे नकळत करत असतं. त्यामुळे मी पठणाकडे 'आधीच येणारी गोष्ट' म्हणून पाहते आणि तिथून सुरुवात करते.

सुरुवात कशी केली ते सांगते. पहिले तीन आठवडे फक्त आजोबांचा आवाज कमी करत नेला. आधी पूर्ण आवाज, मग निम्मा, मग नुसते ओठ, मग चरणाचा पहिला शब्द तेवढा आजोबांनी धरायचा आणि सोडून द्यायचा. शेवटी ते शेजारी गप्प बसायचे. एखाद्या पायरीवर शंभरात तीनपेक्षा जास्त अडखळला, की एक पायरी मागे. हे आजोबांना जड गेलं. चाळीस वर्षं सरकारी दप्तर सांभाळलेला माणूस, अर्ध्या आवाजात म्हणायचं म्हणजे त्यांना देवाशी लबाडी वाटायची. मग आम्ही देवघरातलं पठण होतं तसंच ठेवलं आणि सराव ओसरीवर, वेगळ्या वेळी नेला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पठण त्याच्यासाठी सुखाची जागा होती, तिथे माझी मोजणी घुसवायला नको होती.

त्यानंतर मजकूर बदलला. स्तोत्राऐवजी पुस्तकातली कविता, कवितेऐवजी धडा, आणि मग सगळ्यात अवघड उडी: स्वतःचं वाक्य. ती दोघांनी मिळूनच घेतली. आजोबांनी विचारायचं, "आज डब्यात काय होतं?" त्याने उत्तर आधी मनात ठरवायचं, कानात कुजबुजायचं, आणि मग दोघांनी एकदम मोठ्याने म्हणायचं, 'आज डब्यात मटकीची उसळ होती.' आठ-दहा दिवसांनी आजोबा फक्त पहिला ठोका धरायचे, बाकी वाक्य त्याचं.

त्याच्या जोडीला ठोक्यावर बोलायचा सराव दिला. प्रत्येक ठोक्याला साधारण सारखाच वेळ, शब्दांमध्ये खाच नाही, वेग नेहमीच्या बोलण्याच्या थोडासाच खाली. एका वेळी पाच-सात मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. ऐकायला रोबोसारखं वाटलं तर चुकतंय असं समजायचं. दहा आठवड्यांनी घरात, आजोबांशी आणि आईशी बोलताना, अडखळणं शंभरात तेरावरून चारावर आलं.

शाळेत मात्र अकरा. आणि इथेच माझी चूक झाली.

ठोका धरायला सोपं जावं म्हणून मी त्याला सुरुवातीला मांडीवर बोटाने टिचक्या मारू दिल्या होत्या. त्या वेळेवर काढून घ्यायचं राहून गेलं. तो वर्गात बाकाखाली टिचक्या मारत बोलू लागला. पहिले काही दिवस छान चाललं. मग मुलांच्या लक्षात आलं आणि तेही टिचक्या मारून त्याची नक्कल करू लागले. त्याहून वाईट म्हणजे टिचकीचा गुण संपला. आता तो अडायचाही आणि अडताना हातही झटकायचा, म्हणजे मानेच्या झटक्याला हाताचा झटका येऊन मिळाला. अडखळणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये पाय आपटणं, डोळे मिचकावणं, 'म्हणजे' 'म्हणजे' करत राहणं दिसतं, त्यातलं बरंचसं असंच जमा झालेलं असतं. प्रत्येक गोष्ट कधीतरी एकदा उपयोगी पडलेली असते.

टिचकी सोडवायला दीड महिना गेला. त्या काळात ठोका बाजूला ठेवून दोन गोष्टी शिकवल्या. एक, हलकी सुरुवात: 'प'साठी ओठ दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे आणि आधी हवा सोडायची. दुसरी, मुद्दाम अडखळणं. दुकानात जाऊन 'पा-पा-पाव द्या' असं जाणूनबुजून, सावकाश, दुकानदाराकडे बघत म्हणायचं. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. एवढे पैसे खर्च करून पोराला तोतरं बोलायला शिकवायचं? पण नाव सांगताना ओठ जे मिटून जायचे, त्याला मुख्य कारण अडखळण्याची भीती होतं. मुद्दाम केलेल्या गोष्टीची भीती फार काळ टिकत नाही.

पाचव्या महिन्यात आजोबा एकटेच आत आले, दार लोटून घेतलं. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, घरात आणखी कुणी अडखळतं का, तेव्हा सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. आजोबा म्हणाले, "मी. मॅट्रिकपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणता यायचं नाही. हात वर करायचो. अजून फोन मी उचलत नाही, हिच्याकडे देतो." साठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. स्तोत्रपाठ त्यांनीही लहानपणी त्यासाठीच धरला होता, कारण तिथे अडत नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की हे नातवाला सांगा. त्यांनी सांगितलं. मग घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर 'रामरक्षेसारखं बोल की' हे वाक्य त्या घरात बंद झालं. ते ऐकलं की पोराचं अडखळणं वाढतं, हे मी चार महिने सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

वर्षअखेर मोजणी अशी होती: घरी शंभरात दोन-तीन, वर्गात पाच, फोनवर सात. मानेचा झटका गेला. नाव सांगताना 'प' अजूनही अडायचा, पण अर्धा सेकंद, आणि डोळे उघडे. म्हणजे अडखळणं गेलं नाही. आता तो मोठा झालाय. परीक्षा जवळ आली किंवा झोप झाली नाही की वाढतं, एरवी अनोळखी माणसाच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या मुलाबद्दल सांगायचं, तर वीसातलं एखादं मूल लहानपणी कधी ना कधी असं अडखळतं, आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त मुलांचं पुढच्या काही वर्षांत जातं. मुलांमध्ये ते टिकून राहण्याचं प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त. तुमचा मुलगा पाच वर्षं अडखळतोय, त्यामुळे आपोआप जाईल म्हणून वाट बघू नका. पण 'घालवायचं' हे ध्येयही ठेवू नका, नाहीतर प्रत्येक अडखळणं त्याला नापास झाल्यासारखं वाटेल. बोलायला कमी कष्ट पडावेत आणि बोलायचं टाळू नये, एवढं साधलं तर पुष्कळ.

पठण चालू राहू द्या, त्यात सुधारणा करू नका. पाहुण्यांपुढे दाखवायला म्हणून बसवू नका. सासरे तयार असतील तर दिवसाच्या वेगळ्या वेळी, देवघराबाहेर, दहा मिनिटं दोघांनी मिळून गोष्टीचं पुस्तक एकदम वाचावं. त्याला आवडेल असं, शाळेचं नको. आवाज कमी करत नेणं, ठोका, हलकी सुरुवात हे मात्र घरच्या घरी सुरू करू नका. माझी टिचकी तुम्ही वाचलीत. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था आहे, आणि बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागाशेजारी असा तज्ज्ञ बसतो.

भेटीला जाताना मोबाइलवर तीन तुकडे रेकॉर्ड करून न्या, प्रत्येकी तीन-चार मिनिटांचे: आजोबांबरोबरचं पठण, तेच एकट्याने म्हटलेलं, आणि जेवताना तो तुम्हाला शाळेतलं काहीतरी सांगतोय ते. तिसरं रेकॉर्ड करताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवा, आणि मध्ये 'सावकाश बोल' म्हणू नका. घरी आल्यावर त्याला सांगून टाका की रेकॉर्ड केलं होतं, आणि ते न्यायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.